प्रगतिपत्रकातल्या तीन ओळी

‘अभ्यासात सातत्य हवे.’ ‘अक्षर सुधारावे.’ ‘हुशार आहे, पण बडबड करते.’ ‘गणिताकडे लक्ष द्यावे.’ महाराष्ट्रात शिकलेल्या कुणाच्याही घरातली जुनी प्रगतिपुस्तकं कपाटातून काढली, तर यातलं एखादं वाक्य सापडतंच. पिढ्या बदलल्या, पुस्तकाचं पत्रक झालं, गुणांच्या जागी श्रेणी आल्या, ही वाक्यं मात्र तशीच राहिली. ती खोटी नसतात. लिहिणाऱ्याच्या मनात मुलाबद्दल राग असतो असंही नाही. पण ती वाचून कुणालाच काही करता येत नाही. ‘अक्षर सुधारावे’ हे वाचून आईनं काय करायचं? अक्षरं ओळ सोडून वर-खाली जातात, की काना-वेलांट्या राहून जातात, की दोन शब्दांत जागाच सुटत नाही? शिक्षिकेला ते माहीत असतं. वर्षभर ती वही तिनंच तपासलेली असते. फक्त पत्रकावर लिहिताना ते सगळं गळून जातं आणि उरतो तो शेरा.

शेरा नव्यानं लिहायचा म्हणजे शब्द जरा गोड करायचे, अशी एक समजूत आहे. ‘कच्चा’ खोडून ‘प्रयत्नांची गरज’ लिहिलं की झालं, असं वाटतं. तसं होत नाही. गोड केलेला मोघम शेरा हा मोघमच राहतो, आणि मुलाला तो गोड वाटतही नाही, कारण त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळतो. शेरा सुधारायचा तर आधी शब्द सोडून वहीकडे जावं लागतं.

या ओळींना सरकारी कागदावर आज जी जागा आहे, ती तशी नवी आहे. बालकांचा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मुलाचं मूल्यमापन सतत आणि सर्व अंगांनी व्हावं, असं त्यात म्हटलं होतं. त्यानुसार महाराष्ट्रानं 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आणली. परीक्षेचं महत्त्व कमी झालं आणि वर्गात रोज दिसणाऱ्या कामाला वजन आलं. पहिली-दुसरीत 70 टक्के भार आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, रोजचं निरीक्षण यांना आणि 30 टक्के भार सत्राच्या शेवटच्या संकलित मूल्यमापनाला. पुढच्या इयत्तांत हे प्रमाण बदलत जातं आणि सातवी-आठवीत 40-60 होतं. त्यातून अ-1 पासून इ-2 पर्यंतची श्रेणी निघते. आणि श्रेणीच्या सोबत वर्णनात्मक नोंदी येतात. त्यांचे रकाने साधारण तीन असतात: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, आणि सुधारणा आवश्यक.

हे तीन रकाने फार मोलाचे आहेत. मूल कुठवर आलं ते श्रेणी सांगते. ते तिथवर कसं आलं आणि कुठे अडलं आहे, हे सांगायची जागा पत्रकावर एवढीच आहे. व्यवहारात मात्र त्यांचं वेगळंच झालं. निकाल 1 मेला द्यायचा असतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पेपर तपासायचे, गुणांचे तक्ते भरायचे, श्रेण्या काढायच्या आणि त्यातच तीस-चाळीस मुलांच्या, प्रत्येक विषयाच्या नोंदी लिहायच्या. मग शिक्षकांच्या मदतीला नोंदींच्या तयार याद्या आल्या. ‘सुचवलेला भाग स्पष्ट उच्चारात वाचतो’, ‘गणिती क्रिया अचूक करतो’, ‘परिसरातील घटकांची माहिती सांगतो’ अशी विषयवार शेकडो वाक्यं. त्यातली निवडून उतरवायची. घाईत मुलीच्या पत्रकावर ‘वाचतो’ तसंच राहून जातं आणि पालकांना पहिल्या नजरेतच कळतं, की हे आपल्या लेकीबद्दल लिहिलेलं नाही.

दोष एकट्या शिक्षकाचा नाही, कामाच्या मांडणीचा आहे. पण म्हणून काही करता येत नाही असंही नाही. एक उदाहरण सविस्तर पाहू.

समजा, चौथीतला एक मुलगा आहे. गणितात क-2 श्रेणी. त्याच्या पत्रकाच्या पहिल्या खर्ड्यात वर्गशिक्षिकेनं लिहिलं: ‘गणितात कच्चा आहे. वजाबाकी येत नाही. वर्गात लक्ष देत नाही. घरी सराव घ्यावा.’ चार वाक्यं, त्यातली पहिली तीन मुलाला लागणारी आणि चौथं आईवडिलांवर जबाबदारी टाकणारं. आता वही उघडायची आणि वजाबाकीची पानं पाहायची. 86 वजा 34, बरोबर. 82 वजा 47, उत्तर 35, तेही बरोबर. म्हणजे हातचा घेता येतो. 645 वजा 218, उत्तर 427, बरोबर. मग चुकतं कुठे? 503 वजा 267 याचं उत्तर त्यानं 336 लिहिलं आहे. 402 वजा 158 याचं 344. 700 वजा 326 याचं 474.

बरोबर उत्तरं आहेत 236, 244 आणि 374. तिन्ही ठिकाणी मुलाचं उत्तर नेमकं शंभरानं जास्त आहे.

हा निष्काळजीपणा नाही. निष्काळजी मुलाच्या चुका अशा एका रांगेत उभ्या राहत नाहीत. हा मुलगा नियमानं वागतो आहे, फक्त नियमातली एक पायरी त्याच्याकडून गळली आहे. 503 मध्ये एककाच्या घरात 3 आहेत आणि त्यातून 7 वजा करायचे आहेत. शेजारी दशकाच्या घरात शून्य आहे, तिथून घ्यायला काही नाही. म्हणून शतकाच्या घरातला एक शतक सोडवायचा, त्याचे दहा दशक करायचे, त्यातला एक दशक सुटा करून एककाला द्यायचा. दशकाच्या घरात 9 उरतात आणि शतकाच्या घरात 4. मुलानं शून्याचे 9 केले, 3 चे 13 केले, आणि 5 तसेच ठेवले. शतक सोडवला, पण तो शतकाच्या घरातून कमी करायचा राहिला. अमेरिकेतले संशोधक जॉन सिली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या अशा पद्धतशीर चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नोंदवलेल्या चुकांमध्ये हीसुद्धा होती. मुलं जगात कुठेही असली तरी शून्यापाशी याच जागेवर घसरतात.

एवढं कळल्यावर ‘वजाबाकी येत नाही’ हे वाक्य चुकीचं ठरतं. त्याला वजाबाकी येते, हातच्याची येते, तीन अंकीही येते. एका प्रकारची येत नाही. दुसरा खर्डा असा होऊ शकतो: ‘तीन अंकी वजाबाकी हातचा घेऊन करतो. मात्र ज्या संख्येत दशकस्थानी शून्य असते अशा संख्येतून वजाबाकी करताना शतकस्थानचा अंक एकने कमी करण्याचे त्याच्याकडून राहून जाते, त्यामुळे उत्तर शंभरने जास्त येते. पालकांनी सुट्टीत याचा सराव घ्यावा.’ हे नेमकं आहे. पण लांब आहे, रकान्यात मावणार नाही, आणि मधलं वाक्य आई वाचता वाचता सोडून देईल. शिवाय ‘सराव घ्यावा’ म्हणजे काय करावं, हे अजूनही कळत नाही.

तिसरा खर्डा: ‘हातच्याची वजाबाकी जमते. मधे शून्य आला (503 – 267) की शतकातला एक कमी करायचा राहतो. सुट्टीत खेळण्यातल्या 100, 10, 1 च्या नोटा मोडून रोज अशी दोन उदाहरणे करावीत.’

तीन वाक्यं. पहिल्यात जे जमतं ते, दुसऱ्यात अडलेली जागा आणि तिचं एक उदाहरण, तिसऱ्यात घरी करता येण्याजोगं काम. नोटांचा उल्लेख आला तो शोभेसाठी नाही. शंभराची नोट मोडून दहाच्या दहा घेतल्या की हातात शंभराची नोट उरत नाही, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं, आणि नेमकं तेच त्याचं कागदावर राहत होतं. आई शाळेत फार शिकलेली नसेल तरी सुटे पैसे मोडायला तिला कुणी शिकवावं लागत नाही. आणखी एक गोष्ट इथे आपोआप घडली. ‘कच्चा आहे’ आणि ‘लक्ष देत नाही’ ही दोन्ही वाक्यं गेली. ती कुणी दयेपोटी काढली नाहीत. वहीनं ती खोटी पाडली.

शेऱ्यातला मायाळूपणा येतो तो असा. मूल कसं आहे हे सांगणारी वाक्यं जवळजवळ नेहमी लागतात, कारण त्यावर मुलाकडे उत्तर नसतं. ‘आळशी आहे’ यावर नऊ वर्षांच्या मुलानं काय करायचं? मूल काय करतं हे सांगणारं वाक्य लागत नाही, कारण करणं बदलता येतं. म्हणून जुना शेरा तपासताना आधी ‘आहे’नं संपणारी वाक्यं शोधावीत. ‘लाजाळू आहे’ याच्याऐवजी ‘गटात बोलते, वर्गासमोर उभं राहिल्यावर आवाज अगदी हळू होतो’. ‘बेशिस्त आहे’ याच्याऐवजी ‘स्वतःचं काम लवकर संपवतो आणि मग शेजाऱ्याशी बोलतो’. हे दुसरं वाक्य लिहिताना शिक्षकाच्याही लक्षात येतं, की या मुलाला पुरेसं काम मिळत नाही. अडचण शिस्तीची नव्हतीच.

‘पण’ या शब्दावरही नजर ठेवायला हवी. ‘वाचन चांगले आहे, पण लेखनात चुका करते’ असं वाक्य घरी मोठ्यानं वाचलं गेलं, की वाचणाऱ्याचा आवाज ‘पण’पाशी चढतो आणि आधीची स्तुती पुसली जाते. तिथे पूर्णविराम द्यावा. दोन गोष्टी खऱ्या असतील तर त्यांना दोन वाक्यं मिळाली पाहिजेत.

एक परीक्षा प्रत्येक शेऱ्याची घेता येते आणि तिला वेळ लागत नाही. लिहिलेली ओळ वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या नावापुढे ठेवून पाहायची. ती तिथेही बसली, तिसऱ्याच्या नावापुढेही बसली, तर ती अजून कुणाबद्दलच नाही. ‘अभ्यासात सातत्य हवे’ सगळ्यांपुढे बसतं, शिक्षकांपुढेसुद्धा. 503 – 267 ची ओळ वर्गातल्या एखाद-दुसऱ्या मुलापुढेच बसेल.

या परीक्षेत सर्वांत आधी नापास होतात ते हुशार मुलांचे शेरे. हे अनेकांना पटत नाही, कारण तिथे तक्रारीला जागाच नसते. ‘उत्कृष्ट! असेच यश मिळव.’ ‘अतिशय हुशार, गुणी मुलगी.’ पहिलीपासून सातवीपर्यंत सात वर्षं हेच लिहिलेली पत्रकं घराघरांत आहेत. त्या मुलीला सात वर्षांत पुढचं पाऊल कुणी सांगितलं नाही. शिवाय ‘हुशार’ या स्तुतीला स्वतःचा असा एक धोका आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग शिक्षणक्षेत्रात परिचित आहेत. कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असं म्हटलं. पुढे सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली आणि त्यात अपयश आलं. त्यानंतर हुशारीची स्तुती ऐकलेल्या मुलांचा उत्साह ओसरला आणि पुन्हा सोपी कोडी दिल्यावरही त्यांची कामगिरी आधीपेक्षा घसरली. मेहनतीची स्तुती ऐकलेली मुलं टिकून राहिली. आपण हुशार आहोत म्हणून कोडी सुटतात असं मानणाऱ्या मुलाला न सुटलेलं कोडं वेगळाच निष्कर्ष काढायला लावतं.

तेव्हा अ-1 श्रेणीच्या सहावीतल्या मुलीचा मराठीचा शेरा असा लिहिता येईल: ‘धड्यातलं पात्र तसं का वागलं, हे धड्यातला आधार देऊन सांगते. स्वतःच्या निबंधात मतं मांडते, कारणं लिहायची राहतात. प्रत्येक मतानंतर एक ‘कारण’ लिहून पाहावं.’ तिची आई या ओळीनं नाराज होण्याची शक्यता आहे. वर्षानुवर्षं ‘उत्कृष्ट’ वाचायची सवय असते. पण मुलीला ही ओळ आवडते. कुणीतरी आपला निबंध शेवटपर्यंत वाचला, हे त्यातून तिला कळतं.

शेरा लहान का असावा? रकाना लहान आहे हे एक कारण झालं. त्याहून मोठं कारण वाचणाऱ्यांचं आहे. हे वाक्य एकट्यानं मनात वाचलं जात नाही. अनेक घरांत मूलच ते आजीला, आईला वाचून दाखवतं. म्हणून ‘आकलनक्षमता’, ‘अभिव्यक्ती’, ‘सर्जनशील सहभाग’ असे प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतले शब्द तिथे निरुपयोगी आहेत. ‘वाचलेलं समजतं’, ‘मनातलं सांगते’, ‘स्वतःहून चित्रं काढतो’ एवढं पुरतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण शेरा इंग्रजीत आणि घर मराठीत. तिथे अवघड शब्दांचा एक शेरा म्हणजे आईच्या हातातून ते पत्रक जवळजवळ काढून घेणंच आहे.

थोडक्यात लिहिलेलं एक वाक्य किती काम करू शकतं, याचा एक चांगला पुरावा आहे. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अमेरिकेतल्या एका उन्हाळी वर्गात झाला होता. तिथली मुलं हायस्कूलची होती आणि राहिलेले विषय पुन्हा शिकायला आली होती. शिक्षकांनी काही मुलांच्या घरी आठवड्याला फक्त एका वाक्याचा निरोप पाठवायचा होता. काही घरी काय चांगलं चाललं आहे ते, काही घरी काय सुधारायला हवं ते. निरोप न गेलेल्या गटात 15.8 टक्के मुलांचा विषय शेवटी राहिला. निरोप गेलेल्यांत हे प्रमाण 9.3 टक्क्यांवर आलं, मुख्यतः मुलं वर्ग अर्धवट सोडून गेली नाहीत म्हणून. आणि दोन प्रकारच्या निरोपांत जास्त उपयोगी ठरला तो काय सुधारायचं ते सांगणारा. नुसत्या कौतुकानं घरच्यांना आनंद होतो, पण मुलाशी काय बोलायचं ते कळत नाही. इथली परिस्थिती वेगळी आहे, मुलं मोठी होती, निरोप दर आठवड्याला जात होते. तरीही एक वाक्य वाया जात नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

म्हणूनच मायाळूपणाच्या नावाखाली अडचण लपवणं हा मुलावर अन्याय आहे. तिसरीतल्या मुलीला जोडाक्षरं वाचता येत नाहीत आणि पत्रकावर ‘वाचनात प्रगती होत आहे’ असं लिहिलेलं आहे, तर घरी सगळं ठीक आहे असाच निरोप गेला. आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणाच्या काळात तर पालकांना खरी स्थिती कळवणारा लेखी कागद हाच होता. आता महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे आणि त्यात कमी पडलेल्या मुलाला पुरवणी परीक्षा द्यावी लागते. तिसरीत आणि चौथीत मोघम शेरे मिळालेल्या मुलाच्या पालकांना पाचवीत अचानक धक्का बसतो. ‘साधे शब्द भराभर वाचते. जोडाक्षर आलं की थांबते (पुस्तक, शक्ती). रोज रात्री गोष्टीच्या पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचावं, घरच्यांनी ऐकावं.’ यात काहीही लपवलेलं नाही आणि एकही शब्द मुलीला लाजवणारा नाही.

सर्वांत जपून लिहायचा शेरा मात्र अभ्यासाचा नाही, हजेरीचा आहे. ‘अनियमित उपस्थिती, त्यामुळे अभ्यासात मागे’ हे वाक्य बीड जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या भागातल्या अनेक शाळांच्या पत्रकांवर येऊ शकतं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर, साधारण मार्च-एप्रिलच्या सुमाराला परततात. मुलांना गावातच राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तरी बरीच मुलं आईबापांबरोबर जातात. दहा वर्षांचा मुलगा फडावर गेला, यात त्याची अनियमितता कुठे आली? शेरा वाचून बापाला अपराधी वाटतं आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना ‘दांड्या मारणारा’ असा मुलगा कळतो.

त्याच जागी असं लिहिता येईल: ‘नोव्हेंबर ते मार्च कुटुंबासोबत बाहेरगावी होता. परतल्यावर पाच आठवड्यांत 2 ते 5 चे पाढे पाठ केले. भागाकार शिकवायचा राहिला आहे, जूनमध्ये तिथून सुरुवात करावी.’ यातलं शेवटचं वाक्य पालकांसाठी नाहीच, ते पुढच्या वर्गशिक्षकांसाठी आहे. ‘भागाकार येत नाही’ आणि ‘भागाकार शिकवायचा राहिला आहे’ या दोन वाक्यांत मुलाच्या वाट्याला येणारी वागणूक बदलते. जो भाग त्याला कुणी शिकवलाच नाही, तो न येण्याचा दोष त्याचा नाही, आणि हे कागदावर स्पष्ट असलं पाहिजे.

काही गोष्टी मात्र कितीही नेमक्या आणि खऱ्या असल्या तरी पत्रकावर लिहू नयेत. घरातली भांडणं, वडिलांचं व्यसन, आजार, पैशांची ओढाताण. पत्रक शेजारी पाहतात, नातेवाईक पाहतात, दाखल्याबरोबर ते दुसऱ्या शाळेत जातं. तसंच निदानाचं. एखादा मुलगा ‘ब’ आणि ‘व’ची, ‘घ’ आणि ‘ध’ची सतत अदलाबदल करत असेल, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळत असेल, तर शिक्षकानं जे दिसलं तेवढंच लिहावं. त्याला अध्ययन अक्षमता आहे की नाही, हे ठरवणं डॉक्टरांचं आणि मानसशास्त्रज्ञांचं काम आहे. पत्रकावर ओळ एवढीच: ‘सारखी दिसणारी अक्षरं लिहिताना अदलाबदल होते. तोंडी उत्तरं बरोबर देतो.’ बाकीचं पालकांना बोलावून, समोर बसवून सांगावं. कागदावर लिहिलेल्या शंकेचं घरी निदान होऊन बसतं.

आता वेळेचा प्रश्न. हे सगळं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कधीच जमणार नाही. त्या आठवड्यात शिक्षकाकडे मुलाबद्दल एक सर्वसाधारण मत शिल्लक असतं, आणि मतातून मोघम वाक्यच निघतं. 503 – 267 चं उत्तर काय आलं होतं हे तेव्हा आठवत नाही. म्हणून नोंद त्या दिवशीच, दोन-चार शब्दांत व्हायला हवी. हिशेब करून पाहिला तर तो झेपण्यासारखा आहे. शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस शाळा ठरवली आहे, म्हणजे एका सत्रात साधारण 100. वर्गात 30 मुलं असतील आणि शिक्षिकेनं रोज फक्त तीन मुलांबद्दल एकेक ओळ टिपली, तर दहा दिवसांत वर्ग पूर्ण होतो. सत्राअखेर प्रत्येक मुलाच्या पानावर दहा ओळी जमतात. तारीख, काय दिसलं, बस्स. ‘12 ऑगस्ट. 402 – 158 = 344.’ ‘3 सप्टेंबर. गटात नेतृत्व, रिकाम्या मुलाला रंग दिले.’ अनेक शाळांत दैनंदिन निरीक्षणाची वही असतेच. ती बहुतेक वेळा सत्र संपताना एकदम भरली जाते, आणि तिथेच तिचा उपयोग संपतो.

रोज तीन मुलं ठरवून पाहण्याचा आणखी एक फायदा आहे. वर्गात पाच-सहा मुलं सतत दिसतात, काही खूप हुशार म्हणून, काही खूप खोडकर म्हणून. मधली वीस मुलं नजरेतून निसटतात आणि त्यांचेच शेरे सगळ्यात कोरे असतात: ‘समाधानकारक.’ पाळीनं पाहायचं ठरवलं, की एखाद्या दिवशी त्या मधल्या मुलीची पाळी येते आणि ती काय करते ते पाहावंच लागतं. तिच्या पानावर काहीच लिहिता आलं नाही, तर ती माहिती शिक्षिकेसाठीही महत्त्वाची आहे, कारण तिच्याशी बोलणं राहून गेलं आहे हे त्यातून समजतं. ज्याच्याबद्दल दहापैकी सात ओळी कोऱ्या आहेत, त्या मुलाचा शेरा लिहिण्याआधी त्याच्यासोबत दहा मिनिटं बसून वाचून घ्यावं, दोन गणितं सोडवून घ्यावीत. त्याला दुसरा पर्याय नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली. त्यात शिक्षकाच्या नोंदीबरोबर मुलानं स्वतःबद्दल आणि वर्गमित्रांनी एकमेकांबद्दल लिहायचं आहे. लहान वर्गांतली मुलं हे कसं करतील, अशी शंका शिक्षक घेतात. मुलांसमोर जे नमुने असतात तसंच ती लिहितात. आजवर ज्यांनी फक्त ‘छान’ आणि ‘सुधारणा हवी’ वाचलं आहे, ती स्वतःबद्दलही ‘मी छान अभ्यास करतो’ एवढंच लिहितील. ज्या मुलाच्या पत्रकावर 503 – 267 ची ओळ आली होती, त्याला पुढच्या सत्रात ‘तुला काय जमतं, काय अडतं?’ असं विचारलं, तर त्याच्याजवळ उत्तराचा एक नमुना तयार असतो. तो लिहू शकतो, की शून्य असलेली वजाबाकी आता येते, दोन शून्यं शेजारी आली की अजून गोंधळ होतो, म्हणजे 3002 – 1458 सारखी. शिक्षिकेनं ते गणित त्याला लगेच सोडवायला द्यावं आणि उत्तर 1544 येतं की 2544, ते पाहूनच त्या सत्राची ओळ लिहावी.